आपण न केलेली टिक: चेकआउटवर वाढलेले पैसे कसे पकडायचे?

आजचा विषय चेकआउटच्या पानावर आधीच टिक होऊन आलेल्या गोष्टींचा आहे. बसचं तिकीट काढताना विमा, सिनेमाचं तिकीट काढताना देणगी, जेवण मागवताना ‘लवकर डिलिव्हरी’ची फी. यातलं काहीच तुम्ही मागितलेलं नसतं, तरी बिलात ते असतं. ते नेमकं येतं कसं, पैसे देण्याआधी पकडायचं कसं, आणि पैसे गेलेच तर करायचं काय, हे आज बघू.

टिक येते कुठून?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून सुरुवात कोडपासून करतो. घाबरू नका, एकच ओळ आहे.

```html
<input type="checkbox" name="insurance" checked>
```

स्क्रीनवर दिसणारा चौकोन असा लिहितात. शेवटचा `checked` हा शब्द काढला की चौकोन रिकामा दिसतो, ठेवला की टिक होऊन येतो. मोबाइल अ‍ॅपमध्ये कोड वेगळा असतो, पण गोष्ट तीच. चौकोन रिकामा असावा की भरलेला, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. ती टिक चुकून आलेली नसते.

आणि हे ठरवताना आकडे बघितले जातात. शंभर बुकिंगपैकी किती जणांच्या बिलात विमा गेला, याला या धंद्यात ‘अटॅच रेट’ म्हणतात. चौकोन रिकामा असेल तर ज्याला विमा हवाय तोच टिक करतो. भरलेला असेल तर ज्याला नकोय त्याला तो आधी दिसावा लागतो, मग वाचावा लागतो, मग काढावा लागतो. त्यात सीट धरून ठेवल्याचं घड्याळ वर उलटं धावत असतं. अशा वेळी वाचत कोण बसतो?

एक बुकिंग पूर्ण करून बघू

आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण असं पान तुम्ही नक्की पाहिलं असेल.

पुणे ते नागपूर, एसी स्लीपर, दोन जण. एका सीटचं भाडं ११५० रुपये. म्हणजे दोघांचे २३००. त्यावर ५ टक्के जीएसटी, ११५ रुपये. एकूण २४१५. हा आकडा सीट निवडल्यावर लगेच, मनात किंवा कॅल्क्युलेटरवर काढून ठेवायचा. आजच्या सगळ्या भागात हीच सवय सगळ्यात महत्त्वाची आहे.

आता नावं, वय, मोबाइल नंबर भरून तुम्ही पुढे जाता. शेवटच्या पानावर खालच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत येतं: Pay ₹2767.

वजाबाकी करा. २७६७ वजा २४१५, म्हणजे ३५२ रुपये जास्त. आता या ३५२ रुपयांचा हिशेब लावायचा. एकूण रकमेच्या शेजारी छोटा बाण किंवा View details असं काहीतरी असतं. बहुतेक वेळा तो भाग मिटलेला असतो, म्हणून त्यावर मुद्दाम टॅप करावं लागतं. उघडल्यावर दिसतं:

- प्रवास विमा: ५८ रुपये
- कॅन्सलेशन प्रोटेक्शन: २३८ रुपये
- देणगी: १० रुपये
- सेवा शुल्क: ४६ रुपये

बेरीज बरोबर ३५२. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही ओळ मला काढता येते का?

विमा काढता येतो. वर प्रवाशांच्या माहितीखाली त्याचा चौकोन होता, तिथे ‘फक्त २९ रुपये’ लिहिलं होतं. ते २९ प्रत्येक प्रवाशामागे होते, म्हणून दोघांचे ५८ झाले. कॅन्सलेशन प्रोटेक्शनचंही तसंच, ११९ गुणिले दोन. कुटुंबातल्या सहा जणांचं तिकीट काढलंत तर हेच आकडे सहापट होतात. ‘प्रति प्रवासी’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते शोधायचे.

देणगीही काढता येते. सेवा शुल्क मात्र निघत नाही. ते त्या अ‍ॅपचं सक्तीचं शुल्क आहे. ते पटलं नाही तर दुसऱ्या अ‍ॅपवर किंवा थेट ट्रॅव्हल्सच्या साइटवर भाव बघायचा, एवढाच मार्ग.

तीन टिक काढल्यावर ३०६ रुपये कमी झाले आणि बिल आलं २४६१. आता यूपीआयचा पिन टाकण्याआधी एकदा थांबा. पिनच्या पानावर जी रक्कम दिसते तीच तुमच्या खात्यातून जाणार असते. तिथे २४६१ च आहे ना, हे बघा आणि मगच पिन टाका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टिक काढल्यावर तुम्ही मागे जाऊन सीट किंवा तारीख बदललीत, तर पान पुन्हा नव्याने तयार होऊ शकतं आणि त्याबरोबर टिकही परत येऊ शकते. म्हणून मागे जाऊन आलात की हिशेब परत बघायचा.

टिक नसली तरी तेच काम

हल्ली चौकोन दरवेळी दिसतोच असं नाही. त्याच कामाची आणखी तीन रूपं आहेत.

पहिलं रूप म्हणजे दोन गोल पर्याय, ‘हो’ आणि ‘नाही’, आणि ‘हो’ आधीच निवडलेलं. शेजारी Recommended अशी हिरवी पट्टी. जेवणाच्या ऑर्डरमध्ये साधी डिलिव्हरी आणि पैसे घेऊन लवकर डिलिव्हरी असे दोन पर्याय येतात, तिथे कुठला गोल भरलेला आहे ते आधी बघा.

दुसरं रूप पॉपअपचं. तुम्ही पुढे जायचं बटण दाबता आणि मध्येच एक चौकट उघडते. तिच्यात भडक रंगाचं मोठं बटण असतं Add & Continue, आणि खाली राखाडी, बारीक अक्षरांत Skip. घाईत अंगठा मोठ्या बटणावरच जातो. इथे टिक तुम्हीच केली असं दिसतं, म्हणून नंतर वाद घालणं अवघड होतं.

तिसरं रूप आठवणीचं. मागच्या ऑर्डरला तुम्ही टिप किंवा देणगी दिली होती आणि ‘पुढच्या वेळी हेच ठेवा’ हा छोटा चौकोन भरलेला राहिला. मग पुढच्या प्रत्येक ऑर्डरला ती रक्कम आपोआप येते. डिलिव्हरी करणाऱ्याला टिप जरूर द्या, पण ती दरवेळी ठरवून द्या.

तिन्ही रूपं दिसायला वेगळी आहेत, पण वजाबाकीसमोर तिन्ही सारखीच. चौकोन शोधत बसलात तर एखादा सुटेल. रकमेतला फरक मात्र लपवता येत नाही.

मग विमा वाईट असतो का?

नाही. रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीवर काढताना मिळणारा प्रवास विमा माणशी एक रुपयाच्याही आत आहे. तो घ्यायला माझी काही हरकत नाही. पण तो घेतला तर विमा कंपनीकडून मेसेज किंवा ईमेल येतो, त्यातल्या लिंकवर जाऊन नॉमिनीचं नाव भरायचं असतं. आता विचार करा, विमा घेतलाय हेच ज्याला माहीत नाही, तो नॉमिनी कसा भरणार? आणि काही झालंच, तर घरचे दावा कुठे करणार? नकळत घेतलेल्या विम्यात पैसे जातात आणि उपयोगाच्या वेळी तो कुणाला आठवतही नाही.

कॅन्सलेशन प्रोटेक्शन घेताना दोन गोष्टी वाचा. गाडी सुटायच्या किती तास आधीपर्यंत ते चालतं, आणि पैसे बँकेत परत येतात की अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये. तिकीट रद्द होण्याची खरंच शक्यता असेल आणि ही उत्तरं पटली, तर ते घ्या.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे याबद्दल स्पष्ट नियम आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की ग्राहकाची संमती त्याने स्वतः काही कृती करून दिलेली असली पाहिजे. आधीच टिक केलेल्या चौकोनातून ती आपोआप घेता येणार नाही.

त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या डिझाइनचे १३ प्रकार दिलेत आणि आपल्या विषयाला तिथे नाव आहे ‘बास्केट स्नीकिंग’. म्हणजे ग्राहकाच्या संमतीशिवाय चेकआउटला वस्तू, सेवा किंवा देणगी घुसवणं. विमानाच्या तिकिटात आपोआप घातलेला विमा हे उदाहरण तिथेच दिलंय. बुकमायशोवर तिकिटामागे १ रुपया देणगी आपोआप जोडली जायची, तीही प्राधिकरणाने लक्ष घातल्यावर ग्राहकाच्या मर्जीवर आली.

पण मर्यादाही समजून घ्या. ऑर्डर पोचवण्यासाठी लागणारं शुल्क, डिलिव्हरी चार्ज, कर, हे खरेदीच्या वेळी उघडपणे दाखवलं असेल तर ते बास्केट स्नीकिंग धरलं जात नाही. आपल्या उदाहरणातले ४६ रुपये सुरुवातीपासून दिसत असतील, तर या नावाखाली तक्रार टिकणार नाही. तेच शुल्क आधी लपवून अगदी शेवटच्या पानावर दाखवलं, तर त्यासाठी वेगळा प्रकार आहे, ‘ड्रिप प्रायसिंग’.

पैसे गेलेच तर?

आधी अ‍ॅपच्या कस्टमर केअरला लिहा. ‘तुमचं अ‍ॅप फसवं आहे’ असं लिहून काही होत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बुकिंग नंबर अमुक. प्रवास विमा, ५८ रुपये. हा पर्याय आधीच निवडलेला होता, मी संमती दिलेली नाही. रक्कम परत करावी.’ हे चॅटवर किंवा ईमेलवरच लिहा, फोनवर बोललेलं हातात राहत नाही. प्रवास सुरू व्हायच्या आधी लिहिलंत तर बरं, कारण एकदा प्रवास झाला की ‘सेवा वापरली’ असं उत्तर मिळू शकतं.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. सोबत बिल आणि स्क्रीनशॉट लागेल. आता तुम्ही म्हणाल, पैसे देऊन झाल्यावर आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणायचा कुठून? सोपं आहे. त्याच अ‍ॅपवर तसंच बुकिंग पुन्हा सुरू करा, कशालाही हात न लावता पेमेंटच्या पानापर्यंत या आणि तिथे थांबा. टिक आपोआप आलेली दिसली की स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. पैसे न भरता बाहेर पडा. पर्याय आधीच निवडलेला येतो हे दाखवायला तेवढा व्हिडिओ कामी येतो.