कामातल्या त्रुटींचे पत्र

'तुमचे काम समाधानकारक नाही' एवढ्याच ओळीचे पत्र हाती पडले की कर्मचारी घाबरतो, पण नेमके काय सुधारायचे ते त्याला कळत नाही.

समजा, गोदामातल्या कारकुनाच्या बिलांत चुका होत आहेत. चांगल्या पत्रात लिहिलेले असते: जूनमध्ये 400 पैकी 36 बिले परत आली, त्यांतल्या 29 बिलांवर जीएसटी क्रमांक चुकला होता. 'निष्काळजी' हा शब्द तिथे नसतो, कारण तो मोजून दाखवता येत नाही. पत्राआधी साहेब त्याच्याशी बोलतात, तेव्हा कळते की त्याच्याकडची ग्राहकांची यादीच जुनी आहे. मग नवी यादी देणे आणि आठवडाभर अनुभवी सहकाऱ्याला सोबत बसवणे, ही कंपनीची जबाबदारीही पत्रात येते. उद्दिष्ट दोघे मिळून ठरवतात: ऑगस्टमध्ये शंभरामागे दोनपेक्षा जास्त बिले परत येऊ नयेत. आढावा 1 सप्टेंबरला.

सही असते ती पत्र मिळाल्याची, मजकूर मान्य असल्याची नव्हे. म्हणून खाली कर्मचाऱ्याचे म्हणणे लिहायला जागा हवीच.

हे गैरवर्तनाचे आरोपपत्र नाही. चोरी किंवा मारामारीची चौकशी वेगळी होते. आणि आढाव्याची तारीख साहेबांनीच चुकवली, तर आधी ती बैठक घ्यावी, कारवाईचा विचार त्यानंतर.