सोन्याचे पाणी किती दिवस टिकते?

गोल्ड प्लेटेड, व्हर्मेल आणि गोल्ड फिल्ड दागिने दुकानाच्या काचेमागे सारखेच झळकतात. फरक असतो तो सोन्याच्या थराच्या जाडीत आणि त्याखालच्या धातूत.

प्लेटेड दागिना आतून बहुधा पितळेचा किंवा तांब्याचा असतो. सोन्याचे क्षार असलेल्या द्रावणात तो बुडवून वीज सोडली की त्यावर सोने बसते. स्वस्त मालावर हा थर अर्धा मायक्रॉनही नसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्हर्मेलची रीत बहुधा हीच, पण आत चांदी असते. अमेरिकेतल्या निकषांनुसार ही चांदी ९२.५ टक्के शुद्ध आणि थर किमान २.५ मायक्रॉन हवा. आपल्याकडे चांदीवर सोन्याचे पाणी चढवून विकतात तो माल याच जातीचा, मात्र जाडी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. गोल्ड फिल्डमध्ये सोन्याच्या मिश्रधातूचा पत्राच उष्णता आणि दाबाने पितळेला जोडतात. त्याचे वजन एकूण वजनाच्या किमान विसावा भाग असावे लागते.

१० ग्रॅमची, सगळ्या बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाची एक बांगडी घेऊ. अर्ध्या मायक्रॉनच्या मुलाम्याला सुमारे २० मिलिग्रॅम सोने लागते, तर २.५ मायक्रॉनला १०० मिलिग्रॅमच्या आसपास. तीच गोल्ड फिल्ड असेल, तर १४ कॅरेटचे अर्धा ग्रॅम मिश्रसोने लागेल आणि थर जवळपास १९ मायक्रॉनचा होईल. या बांगडीवर खरोखर एक ग्रॅम शुद्ध सोने चढवायचे तर थर २६ मायक्रॉनचा लागेल. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक दागिन्यांवर त्याच्या आसपासही सोने नसते.

मुलामा घासून जातो आणि आतूनही बिघडतो. पातळ थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून घाम खालच्या धातूपर्यंत पोचतो. शिवाय तांबे हळूहळू सोन्यात झिरपून वर येते, म्हणून चांगले कारागीर मध्ये निकेलचा थर देतात. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तेवढे विचारून घ्यावे. झीज आधी कडांवर आणि कडीच्या जोडांवर दिसते. तिथे लालसर किंवा हिरवट छटा आली तर आत पितळ-तांबे, काळपट आली तर बहुधा चांदी.

रोज वापरातली साधी प्लेटेड अंगठी काही महिन्यांत, फार तर वर्षभरात उघडी पडते. व्हर्मेलची अंगठी वर्ष-दोन वर्षे रंग धरते. कानातल्यांना घर्षण कमी, त्यामुळे ती दोन्ही प्रकारांत कितीतरी जास्त टिकतात. गोल्ड फिल्ड साखळी नीट वापरली तर दहा-वीस वर्षे सहज चालते, पण तिलाही टूथपेस्टने घासणे किंवा चाकावर पॉलिश करणे मानवत नाही.

प्लेटेड आणि व्हर्मेल दागिन्यांना सराफाकडून पुन्हा पाणी देता येते. त्यातही व्हर्मेलवर हा खर्च करणे परवडते, कारण रंग गेला तरी हाती चांदी उरते. पितळेच्या बांगडीबाबत बहुधा नवी घेणेच स्वस्त पडते.