अकराच्या जागी तेरा

निकाल लागला की आठवडाभर स्टाफरूमच्या दारात मुलं घोटाळत असतात. "सर, मार्क कमी पडलेत" एवढंच ज्याला सांगायचं असतं, त्याला मी म्हणतो, लिहून आण. बरेच जण परत येत नाहीत. जे येतात, त्यांच्या अर्जात हुकलेली डिस्टिंक्शन असते, घरची अडचण असते. उत्तराबद्दल एक ओळही नसते. यंदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं आणलेलं पत्र वेगळं होतं. कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचा लिनिअर अल्जेब्राचा पेपर, आठ मार्कांचा प्रश्न, तपासणारा मीच. तीन समीकरणं रो ऑपरेशननं सोडवायची होती:

```
 x +  y +  z =  6
2x + 3y +  z = 11
 x + 2y + 3z = 14
```

बरोबर उत्तर x = 1, y = 2, z = 3. तिनं लिहिलं होतं x = 1/3, y = 10/3, z = 7/3. शेवटचे अपूर्णांक बघून मी दोन मार्क टाकले आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली. तिचं पत्र असं होतं:

"आदरणीय सर,
प्रश्न 3 (ब) ला मला 8 पैकी 2 गुण मिळाले आहेत. पान 7 वर दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करताना मी 11 − 12 = 1 असं लिहिलं, तिथे −1 हवं होतं. ही चूक माझीच आहे. पुढच्या पायऱ्या मी पुन्हा करून पाहिल्या, त्यांत नवी चूक आढळली नाही. माझी उत्तरं मूळ समीकरणांत घातली, तर पहिलं आणि तिसरं जुळतं. दुसऱ्यात 11 ऐवजी 13 येतात. अंतिम उत्तराचा गुण मी मागत नाही. पद्धतीचे गुण आपण एकदा पुन्हा पाहावेत, ही नम्र विनंती. आपला निर्णय मला मान्य असेल.
आपली विद्यार्थिनी"

यातलं तेरा फार बोलकं आहे. मी ताळा घेतला: 2/3 + 10 + 7/3, बरोबर तेरा. उजवीकडची संख्या दोननं चुकली, म्हणजे प्रश्नात 11 च्या जागी 13 छापलं असतं तर तिचं उत्तर अचूक ठरलं असतं. दुसरी चूक कुठे लपली असती, तर हा हिशेब इतका नेमका सहसा जुळला नसता. "बाकी सगळं बरोबर आहे हो सर" असं दहादा म्हणण्यापेक्षा हा एक ताळा वजनदार.

मग माझीच गुणयोजना काढली. मांडणीला 1, रो ऑपरेशनला 3, रँकवरून उत्तर एकमेव आहे हे सांगण्याला 1, खालून वर किमती भरत जाण्याला 2 आणि अंतिम उत्तराला 1. तिची चूक उजवीकडच्या स्तंभात होती. डावीकडचे सहगुणक शाबूत, त्यामुळे रँक तीनच आणि तो निष्कर्षही खरा. रो ऑपरेशनमधला एक आणि उत्तराचा एक, एवढेच कापायला हवे होते. आपल्याकडे यांना 'स्टेपचे मार्क' म्हणतात. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांच्या गुणयोजनांत पद्धतीसमोर M आणि अचूकतेसमोर A असं छापलेलंच असतं.

मात्र दर चुकीला हा न्याय लागत नाही. तिसऱ्या ओळीतून पहिली वजा केल्यावर y + 2z = 8 येतं. तिथे कुणी y − z = 8 लिहिलं, तर पुढच्या पायरीला 0 = 9 येऊन समीकरणांना उत्तरच नाही असं निघतं. मग किमती भरत जाण्याचं काम उरत नाही, आणि न केलेल्या कामाचे दोन मार्क मागता येत नाहीत. चुकीमुळे प्रश्न सोपा झाला का, हे अर्ज लिहिण्याआधी स्वतःच बघावं.

विद्यापीठाच्या परीक्षेत तपासनीस कोण हे कळत नाही, आणि शोधायलाही जाऊ नये. तिथे अर्ज परीक्षा विभागाकडेच करायचा. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहायला मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलेलं आहे. बेरीज चुकली असेल किंवा एखादं पान तपासायचं राहिलं असेल, तर गुणपडताळणी पुरते. पायऱ्यांचा वाद असेल तरच पुनर्मूल्यांकन. छायाप्रत हातात नसताना पान 7 वरची ओळ दाखवता येत नाही, आणि ओळ दाखवली नाही तर तपासणाराही पुन्हा शेवटचं उत्तरच बघतो. मीही तेच केलं होतं.

तिला सहा मार्क दिले. राहिलेले दोन तिनं मागितलेच नव्हते.