बिडाचा बुश आणि त्याचा लाकडी पॅटर्न

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत बिडाचा बुश ओतायचा आहे असं समजा. ड्रॉइंगवर त्याची उंची 120 मिलिमीटर आहे, अंगाचा व्यास 90, वरच्या टोकाला 150 व्यासाचा आणि 20 जाडीचा फ्लँज, आणि मधून आरपार 50 मिलिमीटरचं भोक. या मापांचा हुबेहूब लाकडी बुश करून वाळूत दाबला, तर हाती येणारा माल भंगारातच टाकावा लागेल. पॅटर्नवरचं जवळजवळ प्रत्येक माप ड्रॉइंगपेक्षा वेगळं असतं, आणि भोक तर पॅटर्नवर नसतंच.

आधी मशीनिंगचा विचार करायचा. वरचा आणि खालचा चेहरा लेथवर साफ होणार, म्हणून दोन्हीकडे 3-3 मिलिमीटर माल ठेवला की उंची 126 होते. भोकातही आतून तेवढाच माल हवा, म्हणून ओतलेलं भोक 50 ऐवजी 44 चं धरायचं. अंग आणि फ्लँजची कड काळीच राहणार असल्याने तिथे काही वाढवायचं नाही.

मग श्रिंकेज. ओतलेलं बीड घट्ट झाल्यावर थंड होता होता आकसतं. साध्या करड्या बिडासाठी ही घट साधारण एक टक्का धरतात, म्हणजे मीटरला 10 मिलिमीटर. पोलादासाठी ती दोन टक्क्यांच्या आसपास जाते. बीड घट्ट होताना त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने वेगळा होऊन जागा व्यापतो, म्हणून त्याची घट कमी. आपल्या बुशची उंची 126 वरून 127.3 होते, अंग 90.9 आणि फ्लँज 151.5.

नवखा माणूस चुकतो तो भोकाच्या मापात. मशीनिंगसाठी भोक लहान केलं, म्हणून श्रिंकेजसाठीही ते लहानच करायचं असं त्याला वाटतं. पण तुकडा आकसतो तेव्हा भोकही त्याच्याबरोबर लहान होतं. त्यामुळे 44 चं भोक हवं तर कोअर 44.4 ची लागते. वाळूची कोअर आकसणाऱ्या धातूला आतून अडवते, त्यामुळे भोक पूर्ण एक टक्का आकसतंच असं नाही. ठेवलेल्या 3 मिलिमीटर मालात हा फरक सहज सामावतो.

ड्राफ्ट कुठे द्यायचा, हे पॅटर्न वाळूतून कोणत्या दिशेने निघणार यावर ठरतं. आपला पॅटर्न फ्लँज वर ठेवून अख्खा खालच्या बॉक्समध्ये बसेल आणि सरळ वर उचलला जाईल. अंगाच्या बाजू अगदी उभ्या असतील तर उचलताना लाकूड शेवटपर्यंत वाळूला घासत राहतं आणि साच्याच्या कडा ढासळतात. एक अंश उतार दिला की पॅटर्न थोडा हलताच सगळीकडून सुटतो. 104 मिलिमीटर उंचीच्या अंगावर एक अंश म्हणजे प्रत्येक बाजूला 1.8 मिलिमीटर. म्हणून तळाशी 90.9 असलेलं अंग फ्लँजजवळ 94.5 होतं. सुमारे साडेसहा किलोच्या या कास्टिंगमध्ये त्यापायी जवळपास 200 ग्रॅम बीड जास्त जातं, म्हणून गरजेपेक्षा जास्त उतार देऊ नये.

आता कोअर. ती साच्यात बरोबर मधोमध उभी राहावी म्हणून पॅटर्नच्या दोन्ही टोकांना जे खुंट ठेवतात ते कोअर प्रिंट. त्यांनी वाळूत उमटवलेल्या खड्ड्यांत कोअरची टोकं बसतात. खालचा प्रिंट 30 मिलिमीटर लांब आणि जवळजवळ सरळ ठेवावा, कारण कोअरला ताठ उभं धरण्याचं काम त्याचं. वरचा 20 मिलिमीटरचा पुरे, पण त्याला दहा अंशांपर्यंत चांगला उतार हवा. वरचा बॉक्स खाली येताना मोल्डरला आतलं काही दिसत नसतं. उतार कमी असेल तर कोअर खड्ड्याची कड खरवडते आणि ती वाळू साच्यात पडून पुढे कास्टिंगमध्ये अडकते. उलट प्रिंटमध्ये बसणारी कोअर फार सैल असेल तर फटीत बीड शिरून पातळ पापुद्रे येतात आणि कोअर कलते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ढिलाई बहुधा पुरते.

हाच बुश आडवा ओतला तर प्रिंटवरचा भार बदलतो. वाळूची कोअर बिडापेक्षा कितीतरी हलकी असल्याने पातळ बीड तिला वर उचलू पाहतं आणि या मापाच्या कोअरवर तो जोर साधारण एक किलोचा येतो. उभ्या कोअरखाली बीड पोचतच नाही, म्हणून तिला तसा उचल बसत नाही. एवढ्या छोट्या बुशसाठी मी उभीच कोअर निवडेन.

पहिलं कास्टिंग निघालं की लेथवर चढवण्याआधी दोन्ही टोकांना चार-चार ठिकाणी भिंतीची जाडी मोजावी. दोन्ही टोकांना एकाच बाजूची भिंत जाड असेल तर अख्खी कोअर सरकली आहे आणि दोन्ही प्रिंट तपासायला हवेत. एकाच टोकाला फरक असेल तर कोअर कललेली आहे आणि दोष बहुधा त्या टोकाच्या प्रिंटचा आहे. भिंत सगळीकडे सारखी असूनही बोअरिंगनंतर आत काळं राहिलं, तर कोअर बॉक्सचं माप मोठं आहे. तेव्हा पॅटर्नला हात न लावता फक्त कोअर बॉक्स दुरुस्त करावा.