पंचेचाळीस दिवसांची उधारी कितीला पडते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत शेतीपंप बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असे समजू. कारखाना काल्पनिक आहे, पण त्याच्यासमोरचा प्रश्न त्या भागातल्या कुठल्याही उद्योजकाच्या ओळखीचा आहे. वर्षाची विक्री ३ कोटी ६० लाख रुपये, सगळी उधारीवर आणि सगळी विक्रेत्यांमार्फत. उधारीची मुदत ३० दिवस, आणि विक्रेते ती बहुतेक पाळतात. हिशेब सोपा जावा म्हणून वर्ष ३६० दिवसांचे धरले, तर रोजची विक्री एक लाख होते. म्हणजे कोणत्याही दिवशी बाजारात ३० लाख रुपये येणे असते.

आता विक्री सांभाळणारा माणूस मालकाकडे येतो आणि सांगतो, ‘शेजारचा कारखाना ४५ दिवस देतो. आपणही दिले तर विक्री दहा टक्क्यांनी वाढेल.’ दहा टक्के म्हणजे वर्षाला ३६ लाख. यंत्रे रिकामी आहेत, जागा आहे, कायम खर्च वाढणार नाही. शंभर रुपयांच्या पंपामागे कच्चा माल, मजुरी, वीज, वाहतूक असे ८० रुपये जातात आणि २० उरतात. ३६ लाखांवर वीस टक्के म्हणजे ७ लाख २० हजार. प्रस्ताव मोहात पाडणारा आहे.

मालक हिशेबाला बसतो. वाढीव विक्री रोज दहा हजारांची, तिच्यात कारखान्याचे अडकणारे पैसे रोज आठ हजार. ४५ दिवसांचे झाले ३ लाख ६० हजार. बँकेच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे सगळे ज्याला सीसी म्हणतात त्याचा, दर १२ टक्के धरला तर व्याज ४३ हजार २००. वाढीव विक्रीतला एक टक्का बुडेल असे मानले तर आणखी ३६ हजार. सात लाखांच्या तुलनेत हे काहीच नाही. सहा लाख चाळीस हजारांचा निव्वळ फायदा दिसतो.

चूक इथेच होते, आणि अशा हिशेबांतली ही सगळ्यांत महाग चूक आहे. नवी मुदत फक्त नव्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. जो जुना विक्रेता तिसाव्या दिवशी चेक देत होता तोही आता पंचेचाळीसाव्या दिवशी देणार. बाजारात अशी गोष्ट लपून राहत नाही, आणि जुन्या माणसाने कमी सवलत का घ्यावी? जुन्या विक्रीचे रोजचे एक लाख आणखी १५ दिवस बाहेर राहिले की १५ लाख रुपये अडकतात, आणि त्या बदल्यात एकही जास्तीचा पंप विकला जात नाही.

हे १५ लाख विक्रीच्या किमतीने धरायचे, आधीचे ३ लाख ६० हजार मात्र खर्चाच्या किमतीने. पाठ्यपुस्तके सोयीसाठी बऱ्याचदा दोन्हीकडे एकच पद्धत वापरतात, पण कारण पाहिले तर फरक पटतो. जुन्या विक्रेत्याचे पूर्ण शंभर रुपये तिसाव्या दिवशी हातात येणारच होते, ते लांबले. नव्या विक्रीत कारखान्याच्या खिशातून गेले ते ८० रुपयेच. वरचे २० नवी मुदत नसती तर आलेच नसते.

दोन्ही मिळून १८ लाख ६० हजार अडकले. त्यावर १२ टक्क्यांनी व्याज २ लाख २३ हजार २००. बुडिताचेही तसेच. आधी विक्रीच्या अर्धा टक्का, म्हणजे १ लाख ८० हजार बुडत होते. मुदत लांबली की कमकुवत विक्रेतेही आत येतात आणि जुन्यांतल्या अडचणीत आलेल्याला आणखी माल उचलायला वाव मिळतो. प्रमाण सगळ्या विक्रीवर एक टक्का झाले तर बुडीत ३ लाख ९६ हजारांवर जाते, म्हणजे वाढ २ लाख १६ हजार. सात लाख वीस हजारांतून दोन्ही वजा केले की उरतात २ लाख ८० हजार ८०० रुपये. फायदा आहेच, पण पहिल्या अंदाजाच्या निम्माही नाही.

हा उरलेला फायदाही एका अटीवर टिकतो: पैसे खरोखर ४५ दिवसांत आले पाहिजेत. बिलावर छापलेली मुदत आणि प्रत्यक्ष वसुलीचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्याज चढते ते दुसरीवर. या कारखान्यात वसुली एक दिवस लांबली की जुन्या विक्रीचे एक लाख आणि नव्याचे आठ हजार आणखी एक दिवस बाहेर राहतात. सगळ्या बिलांना असा एकेक दिवस उशीर होत राहिला तर वर्षाचा भुर्दंड १२ हजार ९६०. दोन लाख ऐंशी हजारांचा फायदा असे २२ दिवस उशीर झाला की संपतो. सरासरी वसुली ६७ दिवसांवर गेली की दहा टक्के जास्त माल विकूनही हातात काही येत नाही. ७५ दिवसांवर गेली तर १ लाख ८ हजारांचा तोटा होतो. कारखाना रात्रपाळी करत असतो, गोदामातून गाड्या सुटत असतात, आणि तरीही तोटा. ताळेबंदात तो वेगळा दिसतही नाही, कारण व्याज बँकेच्या एका आकड्यात मिसळून गेलेले असते.

मग रोखीच्या सवलतीचा विचार पुढे येतो. दहा दिवसांत पैसे देणाऱ्याला दोन टक्के सूट, नाहीतर ४५ दिवसांत पूर्ण रक्कम. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ९८ रुपये देणारा ३५ दिवस आधी देऊन दोन रुपये वाचवतो. वर्षाच्या दराने हे २१ टक्के पडतात. विक्रेत्याची स्वतःची सीसी १२ टक्क्यांची असेल तर बँकेतून पैसे काढून सूट घेणे त्याच्या फायद्याचे. कारखान्याच्या बाजूने याचा अर्थ उलटा होतो: १२ टक्क्यांचे पैसे वाचवण्यासाठी तो २१ टक्के मोजतो.

आता विक्री ३ कोटी ९६ लाख झाली आहे. तिच्यातल्या निम्म्या विक्रीवर सूट घेतली गेली तर ३ लाख ९६ हजार रुपये सुटीत जातात. हे विक्रेते एरवी ४५ दिवसांत देणारे असतील, तर ३५ दिवस आधी आलेल्या पैशावर व्याज वाचते २ लाख ३१ हजार. सरळ १ लाख ६५ हजारांचे नुकसान. हेच विक्रेते एरवी ७५ दिवस लावणारे असतील तर वाचलेले व्याज ४ लाख २९ हजार होते आणि सूट ३३ हजारांनी फायद्यात पडते.

म्हणजे सूट रेंगाळणाऱ्यांनी घेतली तरच परवडते, आणि घेतात मात्र वेळेवर देणारे. रेंगाळणारा का घेत नाही, हे त्याच्या बाजूने हिशेब केल्यावर लक्षात येते. ७५ दिवसांपर्यंत कुणी विचारत नाही हे त्याला माहीत असेल, तर दहाव्या दिवशी पैसे दिल्याने तो ६५ दिवस आधी देतो. दोन टक्क्यांचा वार्षिक दर मग ११.३ टक्के होतो, बँकेच्या १२ टक्क्यांहून कमी. पैसे धरून ठेवणेच त्याला स्वस्त. सवलतीचे आकर्षण अशा रीतीने वसुलीच्या ढिलाईने संपते. वसुली घट्ट नसताना जाहीर केलेली सूट ही चांगल्या गिऱ्हाइकांना वाटलेली भेट ठरते.

एका परिस्थितीत मात्र हा निकाल बदलतो. सीसीची मर्यादा भरून गेली असेल आणि मालक महिन्याला दोन टक्क्यांनी खासगी पैसे उचलत असेल, तर त्याच्यासाठी पैशाची किंमत २४ टक्के आहे. मग ४५ दिवसांत देणाऱ्यांकडूनही लवकर आलेल्या पैशावर ४ लाख ६२ हजार वाचतात आणि सूट फायद्याची होते. म्हणून शेजारच्या कारखान्याला परवडले ते आपल्यालाही परवडेल असे मानून चालत नाही.

कायद्याने ४५ दिवसांवर एक रेघ ओढली आहेच. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याला लेखी कराराने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घेता येते. करार नसेल तर १५. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली. तिच्यामुळे या मुदतीनंतरही थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ती खर्चात धरता येत नाही. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने व्याजाचे बिल फारसे कुणी पाठवत नाही, पण मार्च जवळ आला की कराची ही अडचण विक्रेत्याच्या हिशेबनिसाला आठवण करून देण्याजोगी असते.

प्रत्यक्ष वसुली किती दिवसांची आहे हे कळणेही वाटते तेवढे सोपे नाही. नेहमीची रीत अशी, की येणे रकमेला वर्षाच्या सरासरी रोजच्या विक्रीने भागायचे. पंपांचा धंदा हंगामी. मार्चअखेर ९० लाख येणे आहे. रोजच्या सरासरी १ लाख १० हजारांनी भागले तर ८२ दिवस येतात आणि मालक घाबरतो. पण मार्चची विक्री ६० लाख आणि फेब्रुवारीची ५० लाख असेल, तर ९० लाखांत पूर्ण मार्च आणि फेब्रुवारीतले ३० लाख मावतात. म्हणजे खरे दिवस अठ्ठेचाळीसच्या आसपास. सप्टेंबरअखेर याच्या उलट होते. येणे ५० लाख, भागाकार ४५ दिवस, सगळे आलबेल. पण सप्टेंबर आणि ऑगस्टची विक्री प्रत्येकी १५ लाख, जुलैची २० लाख असेल तर त्या ५० लाखांत पूर्ण तीन महिने बसतात. खरे दिवस ९२. बँकाही सहसा नव्वद दिवसांवरची येणी उचल ठरवताना धरत नाहीत, त्यामुळे हा फरक मालकाला बऱ्याचदा बँकेतूनच कळतो. तोवर उशीर झालेला असतो. महिन्या-महिन्याची विक्री मागे मोजत जाण्याला अर्धा तास पुरतो, आणि कोणत्या पार्टीचे बिल किती जुने आहे ही यादी त्यातूनच तयार होते.

विक्री सांभाळणाऱ्या माणसाचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर आला, की मालकाने त्याला दोन आकडे द्यावेत. वसुली ४५ दिवसांत होणार असेल तर सगळा वाढीव खर्च भरून निघायला वर्षाला सुमारे २० लाख २२ हजारांची जादा विक्री पुरते. वसुली ७५ दिवसांवर जाणार असेल तर ४२ लाख ३५ हजारांची लागते, आणि त्याने कबूल केली आहे ३६ लाखांची.