मावशीचा लांबलचक मेसेज आणि त्यात लपलेला खरा प्रश्न

घरातला फोन बिघडला, की सगळ्यांना आठवतो तो घरातला 'कम्प्युटरवाला'. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे आमच्या खानदानात ती पोस्ट माझ्याकडे आहे. तुमच्या घरी ती बहुतेक तुमच्याकडे असेल. पगार शून्य आणि कामाची वेळ २४ तास.

गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री ९:४० ला माझ्या मावशीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. जसाच्या तसा देतो:

"अरे झोपलास का. फोन फार गरम होतोय, चार्जिंग पण टिकत नाही, नवीनच घ्यावा का, काका म्हणतात नुसती बॅटरी बदल. आणि बारशाचे फोटो सगळे गेले बहुतेक, गुगल म्हणतंय जागा संपली. बरं ते गॅसवाल्यांचं अ‍ॅप टाकलं सकाळी ते आता उघडतच नाहीये, १० रुपये भरले तरी तसंच. काका चिडलेत. रविवारी येशील ना, येताना एखादा चार्जर बघ."

नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोनच ओळी दिसल्या. मी बाइक पार्क करत होतो. लगेच टाइप करायला घेतलं, "मावशी, फोन किती वर्षांचा आहे? मॉडेल सांग." मेसेज उघडला नसता, तर पुढचा अर्धा तास आम्ही बॅटरीवरच बोलत बसलो असतो. आणि त्या अर्ध्या तासाला त्या रात्री खरोखर किंमत होती.

मेसेजमध्ये तीन वेगवेगळ्या चिंता आहेत: फोन गरम होणं, फोटो जाणं आणि गॅसचं अ‍ॅप. प्रश्नचिन्ह नसलं तरी सरळ प्रश्न एकच आहे, नवीन फोन घ्यावा का. स्पष्ट मागणीही एकच, चार्जर. गॅसच्या अ‍ॅपबद्दल तिने काहीच विचारलेलं नाही, फक्त सांगून टाकलंय.

अशा मेसेजमध्ये मी सगळ्यात आधी क्रियापदं बघतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण मराठीत हे फार उपयोगी पडतं. फोन गरम "होतोय", चार्जिंग "टिकत नाही", गुगल "म्हणतंय", ही सगळी चालू असलेली अवस्था आहे. माणूस तिला वैतागलेला असतो, पण ती काल होती आणि उद्याही असणार. आता गॅसचं वाक्य बघा. अ‍ॅप "टाकलं", पैसे "भरले". इथे तिने स्वतः काहीतरी केलंय, तेही आज सकाळी, आणि जे व्हायला हवं होतं ते झालेलं नाही. मेसेज आजच का आला, याचं उत्तर बहुतेक वेळा अशा भूतकाळी क्रियापदात सापडतं. फोन तर महिनाभर गरम होत असेल.

दुसरी खूण म्हणजे "बरं". "आणि हो", "जाऊ दे, एक सांगायचं राहिलं", "तसं काही नाही, पण" हे त्याचेच भाऊ. ज्या गोष्टीची लाज वाटते किंवा ज्यावरून बोलणी बसतील असं वाटतं, ती आपण या शब्दांच्या आडून सांगतो. त्यातच पुढे "काका चिडलेत" आलं. बॅटरीवरून कोणी चिडत नाही.

डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. पेशंट खोकल्याबद्दल दहा मिनिटं बोलतो आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो, "डॉक्टर, छातीत जरा दुखतं कधीकधी." अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींच्या रेकॉर्डिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं मध्येच तोडून पहिल्या तक्रारीच्या मागे लागत होते, आणि पहिली सांगितलेली तक्रार हीच सगळ्यात महत्त्वाची असते असं मुळीच नव्हतं. मी पार्किंगमध्ये अगदी तेच करत होतो.

तिसरी कसोटी मला सगळ्यात कामाची वाटते. प्रत्येक चिंतेला एकच प्रश्न लावायचा: हे रविवारपर्यंत थांबलं तर काय बिघडेल? बॅटरीचं काहीच बिघडणार नाही, फोन आणखी तीन दिवस गरम होईल. फोटोंचंही नाही. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरली, की नवीन फोटोंचा बॅकअप थांबतो, फोनमधले फोटो आपोआप जात नाहीत. धोका एवढाच, की "जागा संपली" वाचून तीच घाबरून काहीतरी डिलीट करेल. आणि गॅस?

पुण्यात घरोघरी पाइप गॅस देणाऱ्या एमएनजीएलच्या नावाने बनावट मेसेज फिरतात, हे तुम्ही ऐकलं असेल. "बिल अपडेट नाही, आज रात्री गॅस बंद होईल", खाली एक नंबर. फोन केला की समोरचा गोड बोलून एक एपीके फाइल पाठवतो आणि "व्हेरिफिकेशन"साठी १० रुपयांसारखी फुटकळ रक्कम भरायला लावतो. रक्कम छोटी असते, कारण तिथे टाकलेला कार्ड नंबर आणि पिन हाच खरा माल असतो. शिवाय त्या अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपीही त्यांच्याकडे जातो. म्हणजे रविवारपर्यंत थांबलं तर खातं रिकामं.

अर्थात हा अजून अंदाजच होता. तिने प्ले स्टोअरवरून खरं अ‍ॅप घेतलेलं असू शकत होतं. "तू कसलं अ‍ॅप टाकलंस?!" असं लिहिलं असतं, तर ती "काही नाही रे, काढून टाकते" म्हणून गप्प बसली असती. काका आधीच चिडलेले, त्यात भाचाही. म्हणून हे पाठवलं:

"मावशी, फोटो फोनमध्येच असणार, काही डिलीट करू नकोस. बॅटरी आणि चार्जरचं मी रविवारी येऊन बघतो. फक्त एक सांग, गॅसचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलंस की कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं?"

बाकीच्या दोन गोष्टींना आधी एकेक ओळ मुद्दाम दिली. नाहीतर समोरच्याला वाटतं की आपण वाचलंच नाही, आणि पुढच्या मेसेजमध्ये बॅटरी परत येते. प्रश्न मात्र एकच, आणि उत्तर दोन शब्दांत देता येईल असा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व्हर्जन, स्क्रीनशॉट असं पाच गोष्टींचं मागणीपत्र पाठवलं, की लोक सोप्या चार गोष्टी सांगतात आणि नेमकी पाचवी राहते.

उत्तर आलं: "एका साहेबांनी पाठवलं. फार चांगले बोलत होते."

मग टायपिंग बंद, थेट काकांच्या फोनवर कॉल. मावशीच्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद करायला सांगितलं, म्हणजे अ‍ॅपला इंटरनेटवरून बाहेर काही पाठवता येणार नाही. काकांच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कॉल करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घेतलं. तेव्हा कळलं की दुपारीच १८,५०० रुपये गेलेत. एसएमएस तिला दिसलाच नव्हता. मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पुढचा तपशील cybercrime.gov.in वर भरला. ते अ‍ॅप आणि "साहेबांचं" चॅट पुसायच्या आधी काकांच्या फोनने दोन्हीचे फोटो काढून ठेवले, कारण तक्रारीला नंबर आणि फाइलचं नाव लागतं.

घाई का, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं, की ग्राहकाच्याच चुकीने माहिती बाहेर गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. मावशीने पिन स्वतः टाकला होता. त्यामुळे बँकेला कॉल लागला ती वेळ, म्हणजे १०:०५, हीच रेषा होती. दुसऱ्या दिवशी बँकेत कळलं, की रात्री साडेदहानंतर त्याच कार्डावर आणखी दोन प्रयत्न झाले होते. दोन्ही फसले. आधीचे १८,५०० मात्र हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत, प्रकरण चालू आहे.

ही पद्धत चुकतेही, आणि माझी चुकली आहे. एका शेजाऱ्यांनी असाच तीन गोष्टींचा मेसेज केला होता: टीव्हीचा रिमोट, मुलाचा ऑनलाइन फॉर्म आणि "बरं, एक लिंक आली होती". मी हुशारी करून लिंकच्या मागे लागलो. त्यांचं उत्तर, "ती उघडलीच नाही हो. पण फॉर्मवर फोटो चढत नाहीये." दोनदा विचारलं, दोनदा ते फॉर्मवरच परत आले. मुदत त्या रात्री १२ वाजता संपत होती, हे त्यांनी तिसऱ्या मेसेजमध्ये सांगितलं. आपला अंदाज चुकला हे असंच कळतं: समोरचा तुमच्या प्रश्नाला ओझरतं उत्तर देऊन परत परत एकाच विषयाकडे वळतो. तेव्हा आपला शोध सोडायचा आणि त्याच्या मागे जायचं.

आणि सगळं झाल्यावर एकदा विचारायचं, "अजून काय राहिलंय?" "अजून काही?" असं नाही. "काही?" म्हटलं की तोंडातून आपोआप "नाही नाही" निघतं. इंग्रजीतल्या अशाच एका शब्दाच्या फरकावर अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला होता, आणि "आणखी एखादी गोष्ट आहे का" या अर्थाने विचारल्यावर पेशंटच्या सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

त्या रात्री सव्वाअकरा वाजता मी मावशीला विचारलं, "अजून काय राहिलंय?" ती म्हणाली, "त्या साहेबांना मी आधारचा फोटोपण पाठवलाय." मग आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं काम निघालं, ते यूआयडीएआयच्या साइटवर होतं.

रविवारी गेलो. आधी केबल लावून बारशाचे फोटो लॅपटॉपवर घेतले, २१२ होते, सगळे जागेवर. मग फोन पूर्ण रिसेट केला. तो अजूनही गरम होतो. अ‍ॅपचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, बॅटरी चार वर्षांची आहे. चार्जर न्यायला मी विसरलो, त्याबद्दल बोलणी खाल्ली.