मंडळात बोलताना : छातीची गाठ आणि पिशवीचे तोंड

डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावात महिला मंडळापुढे बाईच्या आजाराविषयी बोलायचे, तर सर्वांत मोठी अडचण माहितीची नसते. अडचण असते ती शब्दांची. 'गर्भाशयमुख' म्हटले की बायका एकमेकींकडे पाहतात आणि 'स्तन' म्हटले की पदर सारखा करतात. म्हणून हे भाषण आम्ही नेहमीच्या बोलीत लिहून काढले आहे. आशाताई, अंगणवाडीच्या बाई किंवा मंडळाची एखादी जाणती सभासद, कुणीही ते वाचून दाखवावे. अर्धा तास पुरतो. पुरुषमंडळी बाहेर असावीत आणि दार लोटलेले असावे. सोबत दोनच वस्तू घ्याव्यात, एक पेरू आणि एक चिकूची बी. कंसातल्या सूचना बोलणारीसाठी आहेत. त्या वाचू नयेत.

भाषण असे :

बायांनो, आज मी बोलणार आहे ते आपल्याच अंगाविषयी. पण आधी एक गोष्ट सांगते, ती मुंबईची आहे.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं असेल. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठं काम सुरू केलं. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका त्यात घेतल्या आणि वस्त्यांचे दोन भाग केले. एका भागातल्या बायकांना कॅन्सरची माहिती सांगितली, म्हणजे मी आज तुम्हांला सांगतेय तशीच. दुसऱ्या भागातल्या बायकांना माहिती तर सांगितलीच, शिवाय दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, त्यांची छाती आणि पिशवीचं तोंड तपासलं. तपासणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हेत. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायका होत्या. त्यांना चार आठवडे शिकवलं होतं.

बारा वर्षांनी हिशेब काढला. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने जिथे १०० बायका गेल्या असत्या, तिथे तपासलेल्या वस्त्यांत ६९ गेल्या. म्हणजे ३१ जणी घरी राहिल्या. नुसती माहिती ऐकलेल्या वस्त्यांत ते झालं नाही.

(इथे थोडे थांबावे. पुढचे वाक्य सावकाश म्हणावे.)

म्हणून मी आधीच सांगून टाकते. माझं भाषण ऐकून कुणीही वाचणार नाही. भाषण संपल्यावर जी तपासायला जाईल, तिला उपयोग होईल. तेवढ्यासाठीच मी बोलतेय.

आता ती तपासणी म्हणजे काय, ते ऐका. आपण पिशवी म्हणतो ती गर्भाशयाची. (पेरू देठाकडून दाखवावा.) पिशवी अशी असते, आणि हे देठाचं टोक खाली योनीत उतरलेलं असतं. तेच पिशवीचं तोंड. इथला कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि बहुतेक लग्न झालेल्या बायकांना तो कधी ना कधी येऊन गेलेला असतो. म्हणून 'तिची चाल वाईट होती' असं कुणाविषयीही म्हणू नका. शरीर त्याला बहुधा एक-दोन वर्षांत घालवून टाकतं. काही जणींत तो राहतो. मग तोंडावरची कातडी हळूहळू बिघडू लागते आणि तिचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षंसुद्धा लागतात. तेवढ्या वर्षांत काही दुखत नाही, काही दिसत नाही. पण पाहिलं तर सापडतं. आपल्याला संधी आहे ती ह्याच वर्षांत.

पाहायचं कसं? व्हिनेगरनं. घोलवड-डहाणूकडे इराणी-पारशी घरांत सरका असतो ना, त्याच जातीचं ते आम्ल. दवाखान्यात ते मोजून पातळ केलेलं असतं. घरचा सरका कुणीही अंगाला लावायचा नाही, आग होईल. बाई टेबलावर गुडघे वर करून निजते, वर चादर असते. नर्स बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालून हळूच उघडते. दाबल्यासारखं वाटतं. अंग ताठ केलं तर दुखतं, म्हणून तोंडाने श्वास सोडत राहायचं. मग कापसाने ते पाणी पिशवीच्या तोंडाला लावते आणि एक मिनिट घड्याळात पाहून थांबते. चांगली कातडी गुलाबीच राहते. बिघडलेली असेल तिथे दाट पांढरा डाग उमटतो. त्याच जागी कळतं, कागद मुंबईला पाठवून वाट पाहायला नको.

आता समजा, आपल्यातली एक बाई आहे. चाळीस वर्षांची, तीन मुलं, चिकूच्या वाडीत कामाला जाते. तिला काही त्रास नाही. ती गेली आणि डाग निघाला. तर झाला का तिला कॅन्सर? नाही. सूज असली, जंतुसंसर्ग असला तरी डाग उमटतो. म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तिथे दुर्बिणीसारख्या यंत्रातून डाग मोठा करून पाहतात आणि लागला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला काढतात. कातडी नुसतीच बिघडलेली निघाली आणि डाग लहान असला, तर तेवढीच जागा गरम सळईसारख्या साधनाने जाळतात नाहीतर गोठवतात. काही मिनिटांचं काम. पोट कापत नाहीत, पिशवी काढत नाहीत, त्याच दिवशी घरी. पुढे तीन-चार आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण तेवढे दिवस नवऱ्याला दूर ठेवायचं. ताप आला, घाण वास आला किंवा रक्त फार गेलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. आणि वर्षाने पुन्हा तपासून घ्यायचं.

गाडी अडते ती पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये. पहिल्या खेपेला दहाजणी मिळून जातात. डाग निघालेल्या बाईला दुसऱ्या खेपेला एकटीला जायचं असतं. रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं, घरात सासूला काय सांगायचं कळत नाही. आणि दुखत तर काहीच नाही! मग ती राहते. वाचणारी बाई जाते ती अशी. म्हणून मंडळाने आजच ठरवावं, की डाग निघालेल्या बाईबरोबर दुसरी एक जाईल आणि तिच्या त्या दिवसाच्या भाड्याची सोय मंडळ करील.

(यावर लगेच हात वर करून कोण जाणार ते विचारावे. नावे लिहून घ्यावीत.)

ही तपासणी कुणासाठी? सरकारचा नियम २०१६ पासून असा आहे : ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक बाईने पाच वर्षांतून एकदा. पाळी चालू असताना जाऊ नका. पोटुशी असाल तर तसं आधी सांगा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाळी गेलेल्या बाईत कातडी बिघडते ती जागा आत सरकते, म्हणून व्हिनेगरने नीट दिसत नाही. त्यांनी डॉक्टरांना विषाणूच्या तपासणीविषयी विचारावं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने हीच तपासणी केली होती. एकदाच तपासलं, तरी पुढच्या आठ वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले.

आणि जिला आधीच त्रास आहे, संबंधानंतर रक्त जातं, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अंगावरून घाण वासाचं जातं, तिने शिबिराची वाट पाहायची नाही. तिने सरळ डॉक्टरांकडे जायचं.

आता छाती. मुंबईतल्या त्याच बायकांच्या छातीचा हिशेब वीस वर्षांनी, २०२१ साली जाहीर झाला. शिकवलेल्या हातांनी तपासलं, तर कॅन्सर लवकर सापडत होता. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. आपली आपण छाती चाचपण्याने मृत्यू कमी होतात, असंही सिद्ध झालेलं नाही. मग मी कशाला सांगतेय? कारण आपल्याकडे बाई गाठ घेऊन येते तेव्हा ती बऱ्याचदा लिंबाएवढी झालेली असते. (चिकूची बी दाखवावी.) ती एवढी असताना यायला हवी. त्यासाठी आपलं अंग एरवी कसं लागतं हे ठाऊक पाहिजे.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आत, आंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने पाहा. पाळी गेलेल्यांनी महिन्याचा एक दिवस धरावा. बोटांची टोकं नव्हे, मधल्या तीन बोटांचे पेर सपाट ठेवून फिरवायचे, आधी हलके, मग दाबून. गळ्याच्या हाडापासून खाली आणि काखेपर्यंत. काख विसरू नका. दूध पाजणारीला, पाळीच्या आधी, सगळीकडे गाठी-गाठी लागतात आणि दुखतात. ते बहुधा साधं असतं. खरी काळजीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ती एका जागी, घट्ट, खडबडीत असते आणि पाळी संपली तरी जात नाही. शिवाय कातडीला खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तरी दाखवायचं. 'दुखत नाही ना, मग असू दे' हे वाक्य सोडून द्या. दुखत नाही म्हणूनच दाखवायचं.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती कुठली हे भगताला, मला किंवा तुम्हांला हाताने कळत नाही. सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीने कळतं. सुई टोचली म्हणून कॅन्सर पसरत नाही. लेप लावून, चोळून मात्र दिवस जातात.

मुलींसाठी विषाणूची लस आहे. पुण्यात बनलेली आपली लस २०२३ पासून मिळते. ती लग्नाआधी, लहान वयात घेतलेली बरी. पण लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासायचंच.

झालं माझं बोलणं. आता आशाताई वही उघडतील. तपासणीचा वार त्यांनी विचारून ठेवला आहे. जिचं वय तिशीच्या पुढे आहे, तिने नाव सांगावं आणि बरोबर कोण येणार तिचंही.

(भाषण येथे संपते.)

शेवटी बोलणाऱ्या भगिनीस एक विनंती. सभेला किती जणी आल्या, टाळ्या किती पडल्या, हे लिहून ठेवू नये. वहीत तीन रकाने आखावेत : किती जणींनी तपासून घेतले, किती जणींना पुढे पाठवले आणि त्यांपैकी किती जणी खरोखर पोचल्या. तिसऱ्या रकान्यातला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी असला, तर पुढच्या महिन्याची सभा त्या बाईच्या ओटीवर घ्यावी.